पूल बांधलात, आता गेटही जोडा

मेट्रोच्या नकाशावर दोन रंगांच्या रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथे एक छोटं पांढरं वर्तुळ काढलेलं असतं. वर्तुळाचा अर्थ 'इथे गाडी बदला' असा आहे. माझं म्हणणं असं की मुंबईच्या नकाशावरची यातली काही वर्तुळं खोटी आहेत. तिथे गाडी बदलत नाही. तिथे एक प्रवास संपतो आणि दुसरा प्रवास नव्याने, नव्या तिकिटावर, पहिल्या रुपयापासून सुरू होतो. नकाशाने याला अदलाबदल म्हणावं आणि गेटने ती नाकारावी, यात कोणीतरी एक खोटं बोलतंय.

मी पनवेलला राहतो. आमच्याकडे अजून दोन मेट्रो मार्ग एकमेकांना भेटत नाहीत. बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबईचा पहिला मार्ग 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाला आणि तो आजही एकटाच आहे. मग पनवेलच्या माणसाने या गोष्टीवर एवढं का तापावं? कारण आमची वर्तुळं अजून कागदावर आहेत, आणि कागदावरची चूक खोडायला रबर पुरतं. काँक्रीटमधली आणि करारातली चूक खोडायला पिढी जाते.

आधी शब्द नीट समजून घेऊ. मेट्रो स्टेशनचे दोन भाग असतात. तिकीट दाखवून गेट उघडल्यावर आपण ज्या भागात जातो तो 'पेड एरिया'. गेटबाहेरचा, जिथे तिकीट खिडकी, एटीएम आणि वाट बघणारे मित्र असतात, तो 'अनपेड'. दोन मार्ग पेड एरियाच्या आतूनच जोडले असतील तर तुम्ही पहिल्या गाडीतून उतरता, जिना किंवा सरकता जिना घेता आणि दुसऱ्या फलाटावर पोचता. तिकीट एकदाच, बॅगेची तपासणी एकदाच, आणि भाडं सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंतचं. जोडणी अनपेड भागातून असेल तर मात्र तुम्ही बाहेर पडता, पहिलं भाडं कापलं जातं, चालत जाता, पुन्हा बॅग स्कॅनरवर ठेवता, पुन्हा गेट, पुन्हा भाडं.

पहिला प्रकार काही परदेशातली चैन नाही. पुण्यात ऑगस्ट 2023 पासून सिव्हिल कोर्टला तो रोज चालतो. पिंपरीकडून जमिनीखालून आलेला माणूस तिथे सरकत्या जिन्यांनी वर येतो आणि वनाझ-रामवाडी मार्गाची गाडी पकडतो. नागपुरात सीताबर्डीलाही तेच. एवढंच कशाला, मुंबईतही आहे. दहिसरला 2अ आणि 7 हे मार्ग असे जोडलेत की त्यांवर गाड्याच आरपार धावतात. अंधेरी पश्चिमेला बसलेला माणूस दहिसरचा वळसा घालून गुंदवलीला उतरू शकतो आणि मध्ये एकही गेट लागत नाही.

आता नकाशावर हा वळसा बघा. इंग्रजी यू अक्षर उलटं ठेवल्यासारखा आहे. वर दहिसर, डावा पाय अंधेरी पश्चिमेला, उजवा पाय गुंदवलीला. आणि या दोन पायांना खालून जोडणारी आडवी रेघ म्हणजे मेट्रो 1, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, जी 8 जून 2014 पासून धावतेय आणि मुंबईची सगळ्यात जुनी मेट्रो आहे. डाव्या पायाशी तिचं डी. एन. नगर स्टेशन आहे, उजव्या पायाशी वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. दोन्हीकडे पादचारी पूल आहेत. रस्त्यावर उतरावं लागत नाही हे खरं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पुलाच्या एका टोकाला एका कंपनीचं गेट आहे आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कंपनीचं. 2अ आणि 7 हे एमएमआरडीएच्या मालकीची महामुंबई मेट्रो चालवते. मेट्रो 1 चालवणारी कंपनी वेगळी आहे, तिच्यात बहुतांश हिस्सा रिलायन्स इन्फ्राचा. 2024 पासून मरोळ नाक्याला तिसरी कंपनीही आली, भुयारी मेट्रो 3 ची. शहर एक, प्रवासी एक, मालक तीन.

गेट दोनदा उघडल्याने नेमकं काय होतं, ते हिशेबाने बघू. मेट्रोचं भाडं टप्प्यांचं असतं आणि पहिला टप्पा किलोमीटरमागे सगळ्यात महाग असतो. महामुंबई मेट्रोच्या तक्त्यात 3 किलोमीटरपर्यंत 10 रुपये, पण 3 ते 12 किलोमीटरला फक्त 20. मेट्रो 1 च्या तक्त्यात 2 किलोमीटरपर्यंत 10, 5 पर्यंत 20, 8 पर्यंत 30 आणि त्यापुढे 40. अंतर वाढतं तसं किलोमीटर स्वस्त होतं. यामागचा विचार बरोबरच आहे, कारण माणसाला आत घ्यायचा, तपासायचा, तिकीट द्यायचा खर्च एकदाच येतो, मग तो दोन स्टेशनं जावो की दहा.

आता समजा एक मुलगी मेट्रो 7 वर 5 किलोमीटर येते, गुंदवलीला उतरते आणि मेट्रो 1 ने घाटकोपरच्या दिशेला 6 किलोमीटर जाते. पहिलं गेट 20 रुपये घेतं, दुसरं 30. एकूण 50. हाच 11 किलोमीटरचा प्रवास एकसंध मानला तर महामुंबईच्या तक्त्याने 20 रुपये होतो आणि मेट्रो 1 च्या तक्त्याने 40. म्हणजे दोघांपैकी जास्त महाग तक्ता लावला तरी ती 10 रुपये जास्त भरते. हे 10 रुपये कुठल्या सेवेचे? कुठल्याच नाही. मध्ये एक गेट आहे, त्याचे आहेत. जाऊन-येऊन 20, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर 500. आपण कशाचे पैसे भरतोय हे माहीत नसताना महिन्याला पाचशे रुपये जाणं म्हणजे काय, हे पहिला पगार हातात आलेल्या कुणालाही विचारा.

इथे लगेच कुणीतरी खिशातून कार्ड काढतं. 'आता सगळं एकच झालंय की!' नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे. ऑक्टोबर 2025 पासून मुंबई वन ॲप आहे, त्यात अकरा वाहतूक संस्था आहेत आणि एकाच क्यूआरवर अनेकांचं तिकीट निघतं. ही सोय चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण तिच्या जाहिरातीत एक गोष्ट अलगद सरकवली जाते आणि तिलाच माझा विरोध आहे. एक कार्ड म्हणजे एक भाडं नव्हे. एका पाकिटातून दोन दुकानदारांना पैसे दिले म्हणून दुकान एक होत नाही. कार्डाने सुट्ट्या पैशांचा आणि रांगेचा प्रश्न सोडवला. पण प्रवास कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कोण ठरवतं, या प्रश्नाला त्याने हातही लावलेला नाही. दुसऱ्या गेटला कार्ड टेकवलं की त्याच्या लेखी तुम्ही आत्ताच घरून निघालेले असता.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू, कारण ते पोकळ नाही. ऑपरेटर म्हणतात, भिंत पाडली तर पैसे कसे वाटायचे? हा खरा अभियांत्रिकी प्रश्न आहे. पेड एरिया सलग असेल तर यंत्रणेला दोनच गोष्टी कळतात, माणूस कुठे आत आला आणि कुठे बाहेर पडला. मधला रस्ता तिला दिसत नाही. दहिसरला आत आलेला आणि घाटकोपरला बाहेर पडलेला प्रवासी घ्या. तो 2अ ने अंधेरी पश्चिमेला येऊन डी. एन. नगरहून मेट्रो 1 धरू शकतो, किंवा 7 ने गुंदवलीला येऊन वेस्टर्न एक्सप्रेस हायवेहून. पहिल्या रस्त्यात तो मेट्रो 1 वर जास्त किलोमीटर बसतो, दुसऱ्यात कमी. मेट्रो 1 चा वाटा त्यावर ठरणार. एकाच मालकाच्या पुण्यात आणि नागपुरात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण एका खिशातून पैसे निघून त्याच माणसाच्या दुसऱ्या खिशात जातात. म्हणूनच तिथे आतली जोडणी पहिल्या दिवसापासून झाली. त्यात तंत्रज्ञानाची कमाल काही नव्हती, हिशेबाचं भांडण नव्हतं इतकंच.

यावरून काहीजण निष्कर्ष काढतात की सगळ्या मार्गांचा मालक एकच हवा. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने मेट्रो 1 विकत घ्यायला मंजुरी दिलीही होती आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घेतला. मला वाटतं, मालकी एक होण्याची वाट बघत बसणं ही सगळ्यात सोयीची सबब आहे. जगात जिथे मालक अनेक आहेत, तिथे हा प्रश्न मालक न बदलता सुटलेला आहे.

टोकियोत दोन भुयारी कंपन्या आहेत, टोकियो मेट्रो आणि तोएई. दोघींची स्टेशनं जिथे चिकटून आहेत अशा अनेक ठिकाणी दोन पेड एरियांच्या मधोमध बदली गेटं आहेत. त्यातून गेलात की तुम्ही बाहेर पडत नाही, एका कंपनीच्या आतल्या भागातून थेट दुसरीच्या आतल्या भागात जाता. गेट भिंतीचं काम करत नाही, मोजणीदाराचं करतं. तुम्ही कुठून कुठे गेलात हे त्याला कळतं, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच मिटतो. दोन कंपन्यांची भाडी तिथेही बेरजेनेच लागतात, पण बेरजेतून 70 येन वजा होतात, कारण पहिल्या टप्प्याचा भार प्रवाशाने दोनदा उचलू नये हे तिथे मान्य आहे. वर सांगितलेल्या दहिसर-घाटकोपरच्या कोड्याचं उत्तर हेच आहे. दोन्ही पुलांवर बदली गेट बसवा. कोण कुठल्या पुलावरून गेला हे आपोआप नोंदलं जाईल.

पण प्रत्येक पूल असा बंदिस्त करता येत नाही. एखाद्या पुलावरून फक्त रस्ता ओलांडणारे लोकही जातात. तो पेड एरियात घेतला तर शाळकरी पोराला हायवे ओलांडायला तिकीट काढावं लागेल. काही ठिकाणी जागाच नसते. गर्दीचा मुद्दाही खरा आहे. घाटकोपरसारख्या स्टेशनवर गेट हे धरणाच्या दरवाजासारखं काम करतं. फलाट भरला की बाहेर लोकांना थोपवता येतं. आतली जोडणी केली तर वरच्या गाडीतून उतरलेला लोंढा थेट खालच्या फलाटावर येतो, आणि आगीच्या वेळी किती मिनिटांत किती माणसं बाहेर काढता येतील याचं गणित नव्याने करावं लागतं. जिने अरुंद असतील तर 'भिंत पाडा' ही मागणी बेजबाबदार ठरेल.

अशा जागांसाठी दुसरा उपाय आहे, आणि तो तर जवळजवळ फुकट आहे. भिंत राहू द्या, गेटला फक्त स्मरणशक्ती द्या. सिंगापुरात एसएमआरटी आणि एसबीएस ट्रान्झिट अशा दोन कंपन्या आहेत आणि भाडं कंपनी न बघता एकूण अंतरावर लागतं. तिथे न्यूटन, टॅम्पिनीस आणि बुकित पांजांग या तीन स्टेशनांवर मार्ग बदलताना बाहेर पडावंच लागतं. पण पंधरा मिनिटांत दुसऱ्या गेटवर कार्ड टेकवलं तर प्रवास चालूच धरला जातो. टोकियोत अशा गेटबाहेरच्या बदलीला साठ मिनिटं मिळतात. लंडनमध्ये हॅमरस्मिथला रस्त्याच्या दोन बाजूंना दोन स्टेशनं आहेत, तिथेही ऑयस्टर कार्डाला हे माहीत आहे की समोरून आलेला माणूस प्रवासाच्या मध्यावर आहे.

मी सॉफ्टवेअरवर पोट भरतो, त्यामुळे 'हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. नियमाचा गाभा एवढाच आहे:

```
if entry_stn in PAIR[last_exit_stn] and gap_min <= 30:
    fare = max(0, through_fare(first_stn, exit_stn) - already_paid)
else:
    fare = normal_fare(entry_stn, exit_stn)
```

म्हणजे शेवटचं गेट आधी बघतं, की हा माणूस जोडीच्या स्टेशनातून तीस मिनिटांच्या आत आला होता का. आला असेल तर सुरुवातीपासूनचं पूर्ण भाडं काढायचं आणि आधी कापलेले पैसे वजा करायचे. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे गुंदवलीला 20 रुपये कापले गेले होते. एकसंध भाडं 40 ठरलं असेल तर शेवटच्या गेटवर 30 ऐवजी 20 कापायचे. दोन्ही कंपन्यांनी फक्त तीन गोष्टी एकमेकींना वाचू द्यायच्या आहेत: पहिलं स्टेशन, मधल्या गेटची वेळ आणि कापलेली रक्कम. क्यूआर तिकिटात ही माहिती सर्व्हरवर असतेच. कार्डाच्या बाबतीत ती कार्डावर कुठे लिहायची यावर दोन कंपन्यांचं एकमत लागतं, आणि अवघड काम कोड लिहिण्याचं नसून हे एकमत करण्याचं आहे.

मुदत किती ठेवायची, यात चूक होऊ शकते आणि ती ओळखताही येते. फार कमी ठेवली तर लिफ्ट बंद असलेल्या दिवशी गुडघेदुखीवाल्या आजींना पुलावरच नवं तिकीट लागेल. फार जास्त ठेवली तर स्टेशनजवळ खरेदी करून तासाभराने परतणारा एकाच भाड्यात दोन प्रवास करेल. त्यासाठी दोन गेटांमधला वेळ महिनाभर नोंदवायचा. बहुतेक लोक काही मिनिटांत पोचतात, मग एक पोकळी येते आणि मग खरोखर काम करून आलेले लोक दिसू लागतात. मुदत त्या पोकळीत बसवायची. सकाळच्या गर्दीत स्कॅनरपाशी रांग लागते तो वेळही त्यात धरायचा, कारण ती रांग प्रवाशाने निर्माण केलेली नाही.

आणि ते 10 रुपये सोडायचे कुणी? हा प्रश्न टाळून चालणार नाही. एकसंध भाडं लावलं की दोन्ही कंपन्यांची मिळून आवक प्रत्येक बदलीमागे कमी होते. खासगी कंपनीला ती झळ सोसायला सांगायची तर करारात तसं असावं लागतं किंवा सरकारने फरक भरून द्यावा लागतो. माझं मत सरळ आहे. पूल बांधायला सार्वजनिक पैसा खर्च होतो तो लोकांनी गाडी बदलावी म्हणून. मग बदलण्यावर दंड लावणारं भाडं ठेवणं म्हणजे एका हाताने पूल बांधून दुसऱ्या हाताने त्यावर टोलनाका उभारणं. फरक सरकारने भरावा, पण तो उघडपणे, अर्थसंकल्पात दिसेल असा. आज तोच फरक प्रवाशाच्या खिशातून जातो आणि कुठल्याही कागदावर दिसत नाही.

आता पनवेल. सिडकोच्या आराखड्यात पेंधरच्या पुढे तळोजा एमआयडीसी, तिथून खांदेश्वर आणि खांदेश्वरहून विमानतळ असे मार्ग आहेत. दुसरीकडून मुंबईचा विमानतळ आणि नवी मुंबईचा विमानतळ जोडणारा मेट्रो 8 यायचा आहे आणि तो खासगी भागीदारीतून बांधायचं ठरतंय. म्हणजे विमानतळापाशी एक सिडकोची रेषा आणि एक खासगी भागीदाराची रेषा भेटणार. मुंबईत डी. एन. नगरला जी मांडणी आहे, तीच इथे नव्याने जन्माला यायची सगळी तयारी आहे. दिल्लीच्या बाजूला नोएडात सेक्टर 51 आणि सेक्टर 52 ही दोन कंपन्यांची दोन स्टेशनं सुमारे तीनशे मीटरवर आहेत आणि मध्ये लोक चालत जातात. आमच्या खांदेश्वरला किंवा विमानतळावर सुटकेस ओढत तशीच वरात निघावी असं कुणाला वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून मागणी आत्ताच, निविदा आणि करार होण्याआधी करायची आहे आणि ती तीन वाक्यांत मावते. एक, जिथे दोन मार्ग भेटतात तिथे दोन्हींचे पेड एरिया जोडणारी जागा मूळ नकाशातच धरा, जिने आणि सुटकेचे मार्ग त्या गर्दीच्या हिशेबाने रुंद करा, आणि मधल्या बदली गेटासाठी पाया सोडून ठेवा. दोन, जिथे ते खरोखर शक्य नाही तिथे मुदतीत दुसऱ्या गेटवर आलेल्याचा प्रवास चालू धरण्याचं बंधन करारात लिहा. तीन, एकसंध भाडं कोणत्या तक्त्याने लागेल आणि त्याची वाटणी कशी होईल हे पहिली गाडी धावण्याआधी ठरवा, कारण गाडी धावू लागल्यावर प्रत्येक कंपनीला आपला तक्ता पवित्र वाटू लागतो.

यातली पहिली मागणी सिमेंटची आहे, दुसरी कोडची, तिसरी शाईची. सगळ्यात स्वस्त शाई आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच शेवटी वापरली जाते. मार्ग 2, 3, 4 किंवा 8 वर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा स्टेशनाचं नाव काय ठेवायचं यावर भरपूर पत्रं जातील. एक पत्र गेटाबद्दलही जाऊ द्या. त्यात एकच प्रश्न विचारा: नकाशावर जे पांढरं वर्तुळ काढलंय, त्याच्या आत गेट किती आहेत?